राजीनाम्याची किंमत आधी काढा, मग खर्च करा

मार्च-एप्रिल आला की आयटी कंपन्यांत दोन गोष्टी ठरलेल्या. अप्रेझलची पत्रं निघतात, आणि व्हेरिएबल पे खात्यात जमा झाला की पेपर टाकणाऱ्यांची रांग लागते. मग वरून निरोप येतो, ‘ॲट्रिशन अठरा टक्क्यांवर गेलंय, काहीतरी करा.’ हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, तेही एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. लोणावळ्याला एक सहल, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, एखादा पुरस्कार, आणि ज्यांचं जाणं फारच जड जाईल त्यांना काउंटर ऑफर. पैसे खर्च होतात, माणसं जायची ती जातातच. पुढच्या एप्रिलला निरोप तोच.

माझं आवाहन दोनशे ते पाच-सहाशे माणसांच्या आयटी सेवा कंपन्यांना आहे. हिंजवडी, खराडी, नाशिक, नागपूर, कुठल्याही. त्यांचे मालक, एचआर, हिशेब बघणारे आणि प्रोजेक्ट मॅनेजर, सगळ्यांनाच. या वर्षी माणसं टिकवण्यावर एक रुपयाही खर्च करण्याआधी दोन तक्ते तयार करा. पहिल्यात गेलेल्या प्रत्येक माणसामागे कंपनीला किती भुर्दंड पडला ते लिहा. दुसऱ्यात तो खरोखर कशामुळे गेला ते. मग नावावर नाव ठेवून दोन्ही जोडा. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, आणि त्यासाठी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

कोरडं सांगून पटणार नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. आकडे मी मांडलेले आहेत, कुठल्याही एका कंपनीचे नाहीत. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच.

समजा, पुण्यात एक कंपनी आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिथे ३८० माणसं होती, शेवटी ४२०, म्हणजे सरासरी ४००. वर्षभरात ७२ जणांनी स्वतःहून राजीनामे दिले. ७२ भागिले ४००, झाले अठरा टक्के. बोर्डासमोर हाच आकडा जातो, आणि इथेच गफलत होते. या अठरा टक्क्यांत चार महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेली मुलगीही आहे आणि ग्राहकाची पूर्ण बिलिंग सिस्टीम डोक्यात घेऊन फिरणारा मॉड्यूल लीडही. टक्केवारीत दोघांचं वजन सारखंच. कंपनीच्या खिशात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी या ७२ जणांत कोण कोण आहे ते बघू. आपल्या उदाहरणात १४ जण पहिल्या वर्षातले फ्रेशर आहेत. ५ जण कित्येक महिने बेंचवर बसलेले, ज्यांच्यासाठी काम नव्हतंच. ३८ जण तीन ते सहा वर्षं अनुभवाचे, ग्राहकाच्या कामावर बिल होणारे. उरलेले १५ लीड किंवा त्यावरचे.

आता या ३८ पैकी एकाला धरू. वार्षिक सीटीसी ९ लाख, म्हणजे कंपनीला तो महिन्याला ७५ हजारांना पडतो. त्याच्या कामाचे ग्राहकाकडून महिन्याला १ लाख ६० हजार येतात. त्याने पेपर टाकला आणि ९० दिवसांचा नोटीस पीरियड सुरू झाला. नव्वद दिवस म्हणजे भरपूर वेळ असं वाटतं. पण बदली माणसाच्या जागेला मंजुरी मिळण्यात वीस दिवस जातात. मुलाखती, निवड आणि ऑफर यांत पंचवीस दिवस. आणि जो निवडला त्यालाही त्याच्या कंपनीत ९० दिवसांचीच नोटीस आहे. एकूण १३५ दिवस. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी खुर्ची दीड महिना रिकामी. लांब नोटीस पीरियड माणसं जखडायला म्हणून आला आणि सगळ्यांनीच तो लावल्यावर प्रत्येकाची भरती लांबली, हा या धंद्यातला एक विनोदच आहे.

या रिकाम्या दीड महिन्याचा तोटा किती? इथे बरेच जण १ लाख ६० हजार गुणिले दीड करतात. ते चूक आहे. माणूस नाही म्हणजे त्याचा पगारही वाचतो आहे. बुडाला तो दोन्हींतला फरक, महिन्याला ८५ हजार. दीड महिन्याचे झाले १ लाख २७ हजार ५००.

त्यानंतर नवा माणूस येतो. पहिला महिना त्याचा केटीत, म्हणजे आधीच्याचं काम समजून घेण्यात जातो. आपण माणूस बदलला तर त्याच्या केटीचं बिल द्यायचं नाही, असं बऱ्याच करारांत ग्राहकाने लिहून घेतलेलं असतं. या महिन्यात पगार चालू आणि बिल शून्य. त्यामुळे इथे मात्र पूर्ण १ लाख ६० हजार बुडाले असंच धरायचं. रिकाम्या खुर्चीचा महिना आणि केटीचा महिना यांचा हिशेब वेगळा का, हे एकदा नीट समजून घ्या. माझ्या पाहण्यातल्या तक्त्यांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. कोणी खुर्ची रिकामी असतानाचा तोटा फुगवतो, कोणी केटीचा महिना विसरूनच जातो.

भरतीचा खर्च त्या मानाने सोपा, कारण त्याची बिलं असतात. नवा माणूस ११ लाखांवर आला. कन्सल्टंटची फी साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी, म्हणजे ८.३३ टक्के, ९१ हजार ६००. एक माणूस रुजू व्हावा म्हणून चौदा मुलाखती झाल्या, कारण दोघांनी ऑफर घेऊन आयत्या वेळी पाठ फिरवली. त्या मुलाखती घेणाऱ्या सीनियर मंडळींचे तास धरा, २० हजार. पार्श्वभूमी तपासणी आणि बाकी सोपस्कारांचे ८ हजार ४००. बेरीज १ लाख २० हजार.

पुढे पगारातला फरक. नवा ११ लाखांवर, जुना ९ वर. पण थेट दोन लाखांचा फरक मांडू नका. जुना राहिला असता तरी अप्रेझलमध्ये त्याला ८० हजारांची वाढ द्यावीच लागली असती. तेव्हा खरा फरक १ लाख २० हजार. ग्राहकाचा दर कराराच्या नूतनीकरणापर्यंत तोच राहतो, म्हणून हा फरक कंपनीच्या नफ्यातून जातो. मी तो एकाच वर्षाचा धरतो. शेवटी टीम लीडने नव्याला शिकवायला आणि त्याचं काम तपासायला घालवलेले तास, ४० हजार.

सगळं मिळून ५ लाख ६७ हजार ५००. ५ लाख ७० हजार म्हणू. नऊ लाखांच्या माणसाचं जाणं म्हणजे त्याचा साडेसात महिन्यांचा पगार. यात ग्राहकाची नाराजी धरलेली नाही, चुका वाढल्या म्हणून लागलेला दंड नाही, मागे राहिलेल्यांवर पडलेला ताण नाही. ते खरे नाहीत असं नाही. पण त्यांचा आकडा अंदाजाने टाकला की समोरचा फायनान्सवाला पूर्ण तक्ताच बाजूला सारतो. ज्याला बिल, टाइमशीट किंवा पगारपत्रक दाखवता येतं तेवढंच मांडा. आकडा कमी निघाला तरी चालेल, टिकला पाहिजे.

हीच रीत बाकीच्यांना लावली की चित्र बदलतं. फ्रेशर गेला तर प्रशिक्षणाच्या काळातला पगार आणि शिकवण्याचा खर्च, मिळून दीड लाख. लीडचा सीटीसी १८ लाख, त्याची जागा भरायला जास्त वेळ आणि केटी दोन महिन्यांची, म्हणून ११ लाख. आणि बेंचवरच्या पाच जणांचा तोटा? शून्य. पुढे काम मिळण्याची चिन्हंच नसतील तर उलट पगार वाचला. एकूण भुर्दंड येतो सुमारे चार कोटींचा, आणि त्यातले ३ कोटी ८० लाखांच्या वर फक्त त्या ३८ आणि १५, म्हणजे ५३ जणांमुळे आहेत. ‘अठरा टक्क्यांवरून पंधरावर आणा’ हे उद्दिष्ट म्हणून किती पोकळ आहे ते इथे कळतं. बारा फ्रेशर थांबवूनही ते गाठता येईल आणि वाचतील फक्त १८ लाख.

आता दुसरा तक्ता, कारणांचा. इथे एचआरकडचा एक्झिट फॉर्म उघडून बघा. कारणाच्या रकान्यात एक यादी खाली सरकते. सगळ्यात वर ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’, मग ‘हायर स्टडीज’, ‘पर्सनल रीझन’, ‘रीलोकेशन’, आणि तळाशी कुठेतरी मॅनेजर किंवा कामाचं स्वरूप. जाणारा माणूस तळापर्यंत जातच नाही. त्याचं रिलीव्हिंग लेटर अडकलेलं असतं, फुल अँड फायनल व्हायचं असतं, पुढच्या कंपनीची तपासणी करणारा याच मॅनेजरला फोन करणार असतो. तो पहिल्या पर्यायावर टिचकी मारतो आणि मोकळा होतो. आपल्या उदाहरणात ७२ पैकी ४९ फॉर्मांवर ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ आहे. हे कारण नव्हेच. नवी नोकरी मिळाली म्हणून त्याने ही सोडली एवढंच ते सांगतं. तो शोधायला का लागला, ते कुठेच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की शेवटच्या दिवसाच्या मुलाखतीवर फार भिस्त ठेवू नका. माणूस गेल्यावर तीन-चार महिन्यांनी फोन करा. तोवर त्याची कागदपत्रं हातात आलेली असतात आणि राग निवलेला असतो. फोन त्याच्या मॅनेजरने करायचा नाही, त्या प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या कोणीतरी करायचा. आणि ‘का सोडलंत?’ असं विचारायचं नाही. त्याला त्याचं ठरीव उत्तर तयार असतं. विचारायचं ते असं:

“नोकरीच्या साइटवर प्रोफाइल पहिल्यांदा अपडेट केलंत, त्या सुमाराला काय चाललं होतं?”

मग साधारण असं काही कानावर येतं: “मॅडम, आता सांगायला हरकत नाही. दोन वर्षं मी तीच सपोर्टची तिकिटं बंद करत होतो. क्लाउडचं काम आलं तेव्हा नाव दिलं. सर म्हणाले, या क्वार्टरला सोडता येणार नाही, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या क्वार्टरलाही तेच. त्या रात्री घरी जाऊन प्रोफाइल उघडलं. पगाराचं सगळं नंतरचं.”

हा माणूस तीस टक्के वाढ घेऊन गेला. फॉर्मवर ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’च होतं आणि मॅनेजरने वर कळवलं होतं, पैशासाठी गेला. यांत खोटं कोणीच बोललं नाही. पण खर्च कशावर करायचा ते फक्त फोनवरच्या उत्तरातून ठरतं.

आपल्या कंपनीने ५३ जणांना फोन लावले आणि ४० जण मोकळेपणाने बोलले असं धरू. १३ जणांची सुरुवात झाली ती एकाच प्रोजेक्टमध्ये, जुन्या तंत्रज्ञानावर अडकल्यामुळे. ११ जणांना कळलं की शेजारच्या खुर्चीवर नव्याने आलेला, तेवढ्याच अनुभवाचा माणूस त्यांच्यापेक्षा लाख-दोन लाख जास्त घेतो. ७ जण अमेरिकेच्या वेळेच्या रात्रपाळीला कंटाळले होते. ४ जणांचं मॅनेजरशी पटलं नाही. ५ जणांची कारणं घरची होती. लग्न, आईवडिलांचं आजारपण, गावी परतणं.

पुढे जाण्याआधी एक तपासून घ्या. ‘स्वतःहून राजीनामा’ या यादीतल्या काही जणांना खरं तर ‘तूच दे, नाहीतर आम्ही काढू’ असं सांगितलेलं असतं. अशा नावांवर खूण करा आणि ती वेगळी काढा. त्यांचं कारण या तक्त्यात मिसळलं की पुढचा सगळा हिशेब नासतो. शिवाय ज्यांना तुम्हीच घालवलंत त्यांना टिकवण्यासाठी पैसे मागायला तुम्ही कुठल्या तोंडाने जाणार?

आता दोन्ही तक्ते जोडू. अडकून गेलेल्या १३ जणांत ९ इंजिनिअर आणि ४ लीड होते. त्यांचा भुर्दंड ९५ लाख. पगारातल्या तफावतीमुळे गेलेल्यांत ८ इंजिनिअर, ३ लीड, म्हणजे साधारण ७९ लाख. रात्रपाळीचे सातही जण इंजिनिअर, ४० लाख. आणि याच कंपनीने त्याच वर्षी माणसं टिकवायला १ कोटी १० लाख खर्च केले होते. ५० लाख काउंटर ऑफरवर, ३० लाख सहली आणि वार्षिक समारंभावर, २० लाख जॉइनिंग आणि रिटेन्शन बोनसवर, १० लाख सर्टिफिकेशनच्या फीवर. सगळ्यात मोठं कारण अडकून पडण्याचं, आणि त्यावर थेट खर्च शून्य. सर्टिफिकेशनचे १० लाख त्याच खात्यातले वाटतील. पण क्लाउडची परीक्षा पास करून परत त्याच तिकिटांवर बसवलेला माणूस आणखी लवकर जातो, कारण आता त्याच्या प्रोफाइलवर ते सर्टिफिकेट झळकत असतं.

काउंटर ऑफरकडे जरा बारकाईने बघू या, कारण जवळपास अर्धा पैसा तिथे गेला. वीस जणांना मिळून वर्षात ५० लाख. त्यांतले वर्षानंतर किती जण कंपनीत आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पगारपत्रकात नाव शोधायला दहा मिनिटं पुरतात. समजा, आठ जण आहेत. म्हणजे प्रत्येक टिकलेला माणूस सव्वासहा लाखांना पडला. तो गेला असता तर ५ लाख ७० हजार लागले असते. आणि ही वाढ एकदाची नाही, दरवर्षी चालूच राहणार. त्यात आणखी एक उपद्रव. काउंटर ऑफर कधीच गुप्त राहत नाही. ‘पेपर टाकल्याशिवाय इथे पगार वाढत नाही’ हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळतं, आणि पगारातल्या तफावतीमुळे जाणाऱ्यांची पुढची तुकडी तुम्ही स्वतःच्या पैशाने तयार करता.

काउंटर ऑफर कधीच देऊ नका, असं मात्र मी म्हणणार नाही. ग्राहकाची प्रणाली दोन महिन्यांत सुरू व्हायची आहे आणि तिचा एकमेव जाणकार निघालाय, तर त्याला थांबवावंच लागेल. पण पगार वाढवण्याऐवजी तारखेला बांधलेली एकरकमी रक्कम द्या. काम सुरू होईपर्यंत आणि केटी पूर्ण होईपर्यंत थांब, त्या दिवशी इतके मिळतील. दोघांनाही व्यवहार कळतो आणि पगारपत्रकात कायमची वाढ बसत नाही.

मग खर्च करायचा कुठे? प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न लावा. यातून किती माणसं थांबली तर पैसे वसूल होतील, आणि तितकी थांबतील असं मानायला आधार आहे का?

अडकलेल्यांपासून सुरुवात करू. दोन वर्षांहून जास्त काळ एकाच प्रोजेक्टवर असलेल्यांची यादी टाइमशीटवरून निघते. समजा, ३० नावं आली. त्यातल्या पंधरा जणांना वर्षभरात टप्प्याटप्प्याने दुसऱ्या कामावर न्यायचं. प्रत्येक बदलीत केटीचा खर्च आहेच, पण ती ठरवून केलेली असल्यामुळे कन्सल्टंटची फी नाही, खुर्ची रिकामी नाही, वाढीव पगार नाही. ग्राहकाला आधी कळवून, दोघांना काही दिवस सोबत बसवून हे केलं तर एका बदलीला दीड लाख धरा. पंधरा बदल्यांचे साडेबावीस लाख. चार इंजिनिअर थांबले की पैसे निघाले. गेल्या वर्षी याच कारणाने किमान १३ जण गेले. त्यांतले निम्मेही थांबायला नकोत, चार पुरेत. हा प्रस्ताव मी बिनदिक्कत मंजूर करीन.

पगारातल्या तफावतीचं गणित इतकं सरळ नाही. जुन्या ३० जणांना सरासरी लाखाने वर आणायचं तर ३० लाख. वसूल व्हायला सहा इंजिनिअर थांबले पाहिजेत, आणि हे तीस लाख दरवर्षी द्यायचे असल्यामुळे दरवर्षी सहा. गेल्या वर्षी या कारणाने गेले ११. शक्य आहे, पण काठावरचं आहे. म्हणून सरसकट करू नका. ज्यांच्या जाण्याची किंमत जास्त, ज्यांचं बिलिंग चालू, ज्यांची तफावत सगळ्यात मोठी, अशा बारा-पंधरा जणांपुरतं करा, आणि त्यांनी पेपर टाकायची वाट न बघता करा.

रात्रपाळीच्या बाबतीत फोनवर पुन्हा विचारलं तर बहुतेकांची तक्रार भत्त्याबद्दल नसते. पुढच्या महिन्यात रात्रपाळी आपली की दुसऱ्याची, हे आदल्या आठवड्यापर्यंत ठरत नाही, यावर राग असतो. लहान मूल आहे, बायकोचीही नोकरी आहे, घरात कोणी कधी थांबायचं तेच ठरवता येत नाही. दोन महिन्यांचं रोस्टर आधी लावा आणि ते पाळा. भत्ता वाढवायचा का, ते सहा महिन्यांनी बघू.

घरच्या कारणाने गेलेल्या पाच जणांवर काही खर्च करू नका. त्यांना नीट निरोप द्या, वेळेत पैसे द्या. त्यांतला एखादा दोन वर्षांनी परत येतो, आणि त्याला केटी लागत नाही.

वर्षअखेरीला या खर्चाची परीक्षा होईल तेव्हा एका गोष्टीपासून सावध राहा. इन्फोसिसचा ॲट्रिशनचा आकडा जून २०२२च्या तिमाहीत २८.४ टक्के होता, मार्च २०२४च्या तिमाहीत तो १२.६ वर आला. टीसीएसचा सप्टेंबर २०२२मध्ये २१.५ होता, मार्च २०२४मध्ये १२.५. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे आकडे जवळपास एकाच वेळी जवळपास निम्म्यावर आले, ते कुठल्या सहलीने किंवा योजनेने नव्हे. परदेशातली मागणी मंदावली, बाहेर ऑफर मिळेनाशा झाल्या, माणसं आहे तिथे थांबली. त्या काळात ज्याने ज्याने काही उपक्रम चालवला त्याला तो यशस्वीच वाटला असणार. तुमच्याबाबतीतही हेच होऊ शकतं. म्हणून बदल्यांची योजना सगळीकडे एकदम सुरू करू नका. आधी दोन-तीन प्रोजेक्टमध्ये करा, तेवढ्याच आकाराची दोन-तीन तशीच ठेवा, आणि वर्षभराने दोन्हीकडचे राजीनामे मोजा. दोन्हीकडे सारखेच कमी झाले तर श्रेय बाजाराचं. माणसं थोडी असल्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर पक्का निकालही देता येत नाही. दोन राजीनामे इकडचे तिकडे झाले तरी चित्र पालटतं. तेव्हा फोन चालू ठेवा, आणि अडकल्याचं कारण सांगणारे कमी होतायत का तेही बघा.

शेवटची अडचण मॅनेजरची, आणि ती सुटल्याशिवाय बाकीचं सगळं कागदावरच राहील. ‘या क्वार्टरला सोडता येणार नाही’ म्हणणारा मॅनेजर दुष्ट नसतो. त्याच्या प्रोजेक्टचं मार्जिन आणि युटिलायझेशन दर तिमाहीला मोजलं जातं. चांगला माणूस दुसरीकडे सोडला की हे दोन्ही आकडे त्याच तिमाहीत पडतात. तो माणूस वर्षाने कंपनीच सोडून गेला, तर कन्सल्टंटची फी एचआरच्या खात्यात पडते, मुलाखतींचे तास कुणाच्याच खात्यात पडत नाहीत, आणि खुर्ची रिकामी राहिल्याचं खापर ‘मार्केट’वर फुटतं. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही अडवून ठेवलं असतं. तेव्हा फायनान्सला सांगून एवढं करून घ्या: ज्या प्रोजेक्टमधून माणूस गेला, त्याची भरतीची फी आणि बिल न झालेला केटीचा महिना त्या प्रोजेक्टच्याच खात्यावर टाका. आणि ठरवून केलेल्या बदलीचा दीड लाखाचा खर्च मात्र प्रोजेक्टवर न टाकता कंपनीच्या सामायिक खात्यातून द्या. पुढच्या तिमाहीच्या आढाव्यात कुणाला सोडायचं, हा विषय मॅनेजर स्वतःहून काढतो की नाही ते बघा. नसेल काढत, तर या दोन नोंदी अजून खऱ्या अर्थाने लागू झालेल्या नाहीत असं समजून आधी खातेवही तपासा.